पैसे घेऊन केलेली शिफारस : पहिल्या ओळीत काय लिहावे?

आमच्या ओळखीचे एक अत्तरवाले आहेत. वडिलांच्या वेळेपासूनचे दुकान. अत्तर, सुरमा, मेंदी, उटणे असा माल. काही काळापूर्वी त्यांनी एका परवानाधारक कारखान्याकडून चेहऱ्याचे सीरम बनवून घेतले आणि आपले लेबल लावून ते विकायला ठेवले. ३० मिलिलिटरची काचेची बाटली, झाकणाला ड्रॉपर, छापील किंमत ४९९ रुपये, आत १० टक्के नायसिनामाइड. माल वाईट नव्हता, परंतु मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत त्याकडे कोणी बघेना. तेव्हा मुलाने सुचविले की, इन्स्टाग्रामवर मराठीतून बोलणारी एक तरुणी आहे, ३८ हजार लोक तिला बघतात, तिच्याकडून दोन शब्द बोलवून घेऊ.

सौदा ठरला. ८ हजार रुपये रोख, दोन बाटल्या मोफत, आणि तिच्या नावाचा सवलतीचा कोड वापरून जी बाटली विकली जाईल तिच्यामागे ४० रुपये. ४५ सेकंदांचा व्हिडिओ आला, खाली कॅप्शन म्हणजे चार ओळींचा मजकूर आला, आणि दुकानातील बाटल्या हलू लागल्या.

तीन आठवड्यांनी मोहल्ल्यातीलच एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलीच्या गालावर लाली होती, चुरचुरत होते. सीरमने असे काहींना होते. म्हणूनच ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून एक-दोन दिवस बघावे असे सांगतात, आणि ते लेबलावर बारीक अक्षरांत छापलेलेही होते. अत्तरवाल्यांनी पैसे परत दिले, बाटली ठेवून घेतली. भांडण झाले नाही. परंतु मुलगी जाताना एवढेच म्हणाली, “चाचा, त्या ताईंना तुम्ही पैसे दिले होते का? आम्हाला वाटलं त्यांनी स्वतः विकत घेऊन वापरलं. ते माहीत असतं तर मी आधी थोडंसं लावून बघितलं असतं.”

हे वाक्य त्यांच्या मनात बसले. ते आमच्याकडे आले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, “भाई, ही कॅप्शन वाचा आणि यात खोटं काय आहे ते मला सांगा.” आम्ही वाचली. मजकूर असा होता :

“गेले काही महिने चेहऱ्यावरचे डाग बघून आरशासमोर उभं राहवत नव्हतं. मग हे सीरम हाती लागलं आणि खरं सांगते, फरक जाणवला! रोज रात्री तीन थेंब, बस्स. माझा कोड वापरलात तर १० टक्के सूट. थँक्यू म्हणायलाच हवं यांना! #skincare #serum #glowingskin #marathireels #niacinamide #collab #sp #selfcare”

शब्दशः खोटे म्हणावे असे यात फारसे नाही. तरीही वाचणाऱ्याची समजूत खोटी होते. हीच या प्रकरणाची खरी गोम आहे, आणि आमच्या वाचकांपैकी जे कोणी साबण, तेल, अत्तर, काजळ किंवा क्रीम विकतात आणि मोबाइलवरील मंडळींकडून शिफारस करून घेतात, त्यांनी ती नीट समजून घ्यावी.

बाजारातील आपलाच एक दाखला घेऊ. मिस्त्री घरमालकाला सांगतो, प्लाय अमुक दुकानातून आणा. दुकानदार मिस्त्रीला मागाहून कमिशन देतो. प्लाय चांगलाही असेल. परंतु मालकाला वाटते की, मिस्त्री आपल्या अनुभवातून बोलला. कमिशनची गोष्ट नंतर कळली की प्लाय चांगला निघूनही मिस्त्रीवरचा विश्वास जातो. उलट मंडईतील अडत्या अडत घेतो हे शेतकऱ्यालाही माहीत असते आणि खरेदीदारालाही. म्हणून त्याच्या बोलण्याला किती वजन द्यायचे ते दोघेही आपापले ठरवितात. पैसे घेणे हा दोष नाही. ज्याच्याकडून सल्ल्यावर भरवसा ठेवण्याची अपेक्षा आहे, त्याला ते न सांगणे हा दोष आहे. ‘हाती लागलं’ हे दोन शब्द नेमके तेच काम करतात. बाटली हाती लागली नव्हती; ती आठ हजारांसह घरपोच आली होती.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात जाहिरात व्यवसायाने स्वतःवर नजर ठेवण्यासाठी १९८५ साली स्थापन केलेली अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिने या इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी २०२१ च्या मे महिन्यात नियमावली काढली आणि १४ जून २०२१ पासून ती लागू झाली. ही संस्था सरकारी नव्हे. परंतु सरकारनेही त्यामागोमाग पावले टाकली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत एक पुस्तिका दिली. शिफारस करणारा आणि माल विकणारा यांच्यात असा काही संबंध असेल की जो कळल्यावर ग्राहक त्या शिफारशीचे वजन वेगळे धरील, तर तो संबंध उघड सांगितला पाहिजे, असे या सर्वांचे म्हणणे आहे.

संबंध म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे, इथेच आपली मंडळी चुकतात. फुकट दिलेली बाटली हाही संबंध, मग ती बदल्यात काही न मागता पाठविलेली असो, किंवा समोरच्याने मागितलेलीही नसो. सवलत, प्रवासखर्च, बक्षीस, वस्तूच्या बदल्यात वस्तू, हे सारे संबंधच. विक्रीमागे मिळणारे कमिशन तर उघडच. आणि नोकरीचे, घरातील किंवा ओळखीचे नातेही त्यातच धरलेले आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण आपल्याकडील लहान धंद्यात पैसे देऊन बोलविण्यापेक्षा घरातल्यांकडून बोलवून घेण्याचा प्रकार जास्त. पुतण्या व्हिडिओ करतो, भाची ‘मी वापरलेलं सर्वांत छान सीरम’ म्हणून लिहिते, आणि दोघेही हे सांगत नाहीत की बाटली चाचांच्या दुकानातली आहे. एक पैसा हातात पडलेला नसतो, म्हणून कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु बघणाऱ्याच्या दृष्टीने तो आठ हजारांच्या सौद्याइतकाच महत्त्वाचा मामला आहे. अशा वेळी ‘हे आमच्या घरचंच सीरम आहे, माझे चाचा विकतात’ एवढे पहिल्याच वाक्यात लिहिले की काम झाले. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि आमच्या अनुभवाने तर अशा वाक्याने लोक अधिक आपुलकीने विचारपूस करतात.

आता अत्तरवाल्यांच्या कॅप्शनकडे पुन्हा वळू. ते म्हणाले, “त्यात #collab लिहिलं आहे की! मुलाने सांगितलं तेवढं लिहिलं म्हणजे कायद्याने सुटका.” हा समज आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे, म्हणून त्याचा निकाल नीट लावू.

पहिली अडचण जागेची. इन्स्टाग्रामवर कॅप्शन पुष्कळ लांब लिहिता येते, परंतु स्क्रोल करणाऱ्याला तिची सुरुवातच दिसते, सुमारे सव्वाशे अक्षरे. पुढचे वाचायला ‘more’ वर बोट ठेवावे लागते. रील्समध्ये तर त्याहूनही कमी दिसते. बहुतेक लोक बोट ठेवीत नाहीत. अत्तरवाल्यांच्या कॅप्शनमध्ये दिसणारा भाग ‘फरक जाणवला’ पाशी संपत होता. म्हणजे कौतुक सर्वांना दिसले आणि खुलासा पडद्याआड राहिला. काउन्सिलचा नियम म्हणूनच असा आहे की, खुलासा पहिल्या दोन ओळींच्या आत असावा, तो वाचायला कुठेही दाबावे लागू नये की खाली सरकावे लागू नये.

दुसरी अडचण गर्दीची. आठ हॅशटॅगांच्या रांगेत सातव्या क्रमांकावर जे आहे ते लिहिले असे म्हणता येईल, पण सांगितले असे म्हणता येणार नाही. हॅशटॅग किंवा लिंकांच्या गर्दीत खुलासा दडवू नये असे नियमात वेगळे सांगितलेच आहे.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती आम्हाला सर्वांत मोठी वाटते. #sp म्हणजे स्पॉन्सर्ड हे किती जणांना समजेल? #collab हा तुटका शब्द तर गाणाऱ्या दोघांनी मिळून गाणे केले तरी वापरतात. पूर्ण ‘कोलॅबोरेशन’ शब्द नियमाने चालतो. परंतु ज्या मुलीने दुकानात येऊन प्रश्न विचारला तिला त्यातून ‘पैसे दिले आहेत’ असा अर्थ लागला नसता. सरकारी पुस्तिका सांगते की, ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत खुलासा. व्हिडिओ मराठीत, कॅप्शन मराठीत, आणि पैशाची गोष्ट तेवढी इंग्रजीच्या दोन अक्षरांत, हे जुळत नाही. मराठीत ‘जाहिरात’ हा स्वच्छ शब्द आहे. चौथीतल्या मुलालाही तो कळतो.

‘थँक्यू म्हणायलाच हवं यांना’ या वाक्याबद्दलही सांगून टाकतो. आभार मानणे म्हणजे खुलासा करणे नव्हे. आभार तर विकत घेतलेल्या मालाबद्दलही लोक मानतात.

मग आम्ही व अत्तरवाले बसलो आणि ती कॅप्शन नव्याने लिहिली. त्या तरुणीलाही फोनवर घेतले होते. तिची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. ती म्हणाली, “चाचा, वर ‘जाहिरात’ लिहिलं तर कोण बघणार?” अत्तरवाले म्हणाले, “बेटी, जो जाहिरात आहे म्हणून निघून जाईल, त्याला तू फसवून थांबवलंस तर तो उद्या माझ्या दुकानात येऊन मला विचारील. तुला कोणी विचारत नाही, मला विचारतात.” यावर ती गप्प झाली. बघणारे थोडे कमी होतील ही तिची भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही, कधी होतातही. ती किंमत सौद्यात आधीच धरावी, हे बरे.

तयार झालेली कॅप्शन अशी :

“जाहिरात : या सीरमच्या मालकांनी मला या व्हिडिओचे पैसे व दोन बाटल्या दिल्या आहेत.
पाच आठवडे रोज रात्री तीन थेंब लावले. त्वचा तेलकट दिसणं कमी झालं. जुने डाग अजून आहेत, थोडे फिके वाटतात. पहिल्या आठवड्यात गालावर चुरचुरलं, मग एक दिवसाआड लावलं. तुम्ही आधी कानामागे लावून दोन दिवस बघा.
माझ्या कोडवर १० टक्के सूट आहे. त्यावर घेतलेल्या प्रत्येक बाटलीमागे मला कमिशन मिळतं.”

पहिले वाक्य मात्रा-वेलांट्या धरूनही सव्वाशेच्या आत बसते, म्हणजे ‘more’ च्या अलीकडे. रील्समध्ये ते मध्येच तुटले तरी ‘जाहिरात’ हा शब्द अगदी आरंभी असल्याने तो दिसतोच. म्हणून त्याच्या आधी काहीही टाकू नये. फुले, चांदण्या, हसरे चेहरे, रिकाम्या ओळी, सीरमचे नाव, काहीच नाही. कमिशनची गोष्ट कोडच्या शेजारी लिहिली, कारण वाचणारा कोड वापरायचा विचार जिथे करतो, तिथेच ती त्याला समजायला हवी. वरच्या ‘जाहिरात’ शब्दाने मुख्य काम आधीच झालेले असते.

पाच आठवड्यांचा उल्लेख कसा आला, तेही सांगितले पाहिजे. आम्ही तिला विचारले, पहिला व्हिडिओ केलास तेव्हा किती दिवस वापरले होतेस? ती प्रामाणिक निघाली. म्हणाली, चार दिवस. नायसिनामाइडने डागांत फरक पडायचाच तर तो साधारण दोन-तीन महिने नियमित वापरल्यावर दिसू लागतो, तोही दिवसा सनस्क्रीन लावले तर. चार दिवसांत जे दिसते ते ओल्या थराची चमक, खोलीतील दिवा किंवा मोबाइलचे फिल्टर. म्हणजे ‘फरक जाणवला’ हे वाक्य वर ‘जाहिरात’ लिहूनही खोटेच राहिले असते. ही मर्यादा व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी : संबंध उघड केल्याने दावा खरा होत नाही. सरकारी पुस्तिकेतही स्वतः न वापरलेल्या वस्तूची शिफारस करू नये असे आहे. तसेच ‘वांग बरे करते’, ‘मुरुमांवर इलाज’ असले शब्द सौंदर्यप्रसाधनाला लागूच होत नाहीत. ती औषधाची भाषा आहे आणि औषधाचा परवाना वेगळा असतो.

आणखी एक वाक्य तिला घालायचे होते : “पैसे मिळाले असले तरी मत पूर्णपणे माझंच आहे.” हे वाक्य आजकाल सर्रास दिसते. आम्ही अत्तरवाल्यांकडे बघितले, कारण पहिल्या व्हिडिओच्या वेळी त्यांच्या मुलाने मजकूर आधी मागवून घेतला होता आणि ‘चुरचुरलं’ हा शब्द काढायला लावला होता. मग मत तिचे कसे? ज्याने पैसे दिले त्याने मजकूर तपासून त्यातील वाईट शब्द काढला असेल, तर हे वाक्य म्हणजे खुलाशाच्या नावाखाली केलेली दुसरी लपवाछपवी होते. शेवटी ठरले की, घटकांची नावे, प्रमाण व किंमत चुकलेली असेल तेवढीच मालकांनी दुरुस्त करावी, अनुभवाला हात लावू नये. आणि ते वाक्य तरीही घातले नाही. गरज नव्हती, डाग अजून आहेत असे लिहिल्यावर मत कोणाचे ते वाचणाऱ्याला कळतेच.

कॅप्शन झाली तरी काम अर्धेच झाले होते. आपल्याकडे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर राहत नाही. कोणी तो उतरवून घेतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतो, तिथून तो मावशीकडे जातो, तिथून शेजारणीकडे. या प्रवासात कॅप्शन मागेच राहते. जे व्हिडिओच्या चित्रावर व आवाजात आहे तेवढेच पुढे जाते. म्हणून चित्रावरही ‘जाहिरात’ हा शब्द ठळक हवा आणि तोंडानेही सांगितलेले हवे. सरकारी पुस्तिका व्हिडिओसाठी दोन्ही मागते. चित्रावर शब्द किती वेळ ठेवावा याचे माप काउन्सिलने दिले आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान ३ सेकंद. त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण वेळेच्या एक तृतीयांश. दोन मिनिटे किंवा अधिक असेल तर मालाविषयी बोलणे चालू आहे तोवर सर्व वेळ. आपला व्हिडिओ ४५ सेकंदांचा, म्हणजे १५ सेकंद. आम्ही सुचविले की, पहिल्यापासून शेवटपर्यंतच ठेवा, मोजत बसायला नको. तिने आरंभीच म्हटले, “ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे, पण वापरून सांगते.” सहा-सात शब्दांत आवाजाचे काम संपले. अक्षरे मात्र पडद्याच्या अगदी खाली ठेवू नयेत. तिथे इन्स्टाग्रामची स्वतःची अक्षरे येतात आणि आपली झाकली जातात.

अॅपची स्वतःचीही एक सोय आहे. पोस्ट टाकताना पुढच्या पर्यायांत पेड पार्टनरशिपचे लेबल लावता येते आणि माल विकणाऱ्याचे खाते त्याला जोडता येते. मग तिच्या नावाखाली तशी ओळ दिसते. ते अवश्य लावावे. परंतु ते लावले म्हणजे आपल्या शब्दांतला खुलासा नको, असे नव्हे. काउन्सिलने अॅपची सोय ही स्वतःच्या खुलाशाशिवाय जादा धरली आहे. तिची अक्षरे बारीक असतात आणि उतरवलेल्या व्हिडिओबरोबर ती जात नाहीत, हे तर आपणच पाहिले.

हे सारे त्या तरुणीचे काम, आपण माल दिला आणि मोकळे झालो, असे व्यापाऱ्याने समजू नये. अमेरिकेतील एक प्रकरण या दृष्टीने बघण्यासारखे आहे. फ्लोरिडातील टीमी नावाची कंपनी वजन घटविण्याचे दावे करून चहा विकत असे आणि त्यासाठी नामवंत मंडळींना पैसे देऊन इन्स्टाग्रामवर लिहायला लावी. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला २०१८ मध्येच पत्र लिहून सावध केले होते. तरीही पैशाचा उल्लेख कित्येक पोस्टमध्ये ‘more’ दाबल्याशिवाय दिसत नव्हता. मार्च २०२० मध्ये कमिशनने कारवाई केली. खोट्या दाव्यांचे आरोप त्यात होतेच, त्याबरोबर दडलेल्या खुलाशाचाही होता. कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले आणि दहा इन्फ्लुएन्सरांना ताकीद देणारी पत्रे गेली. आपल्याकडील प्रकरणे एवढ्या रकमेची नसतील, परंतु आपल्या कायद्यातही दोघांवर जबाबदारी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादक किंवा शिफारस करणारा यांना प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि पुन्हा चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारशी करण्यास मनाईही होऊ शकते. दाव्याची खातरजमा योग्य काळजीने केली होती असे दाखवता आले तर शिफारस करणारा दंडातून सुटू शकतो, म्हणून तिने कारखान्याचा परवाना व घटकांचा कागद मागितला तर रागावू नये, द्यावा.

व्यापाऱ्याच्या बाजूने करायचे ते फार नाही. तोंडी सौदा न ठेवता साधा लिखित निरोप पाठवावा. अत्तरवाल्यांनी आता पाठवायला ठेवलेला निरोप असा आहे : “बेटी, ८ हजार रुपये, दोन बाटल्या आणि कोडवर बाटलीमागे ४० रुपये ठरले. कॅप्शनचा पहिला शब्द ‘जाहिरात’ असेल आणि त्याच वाक्यात पैसे व बाटल्या मिळाल्याचे असेल. व्हिडिओवर तोच शब्द राहील आणि आरंभी तू बोलून सांगशील. निदान पाच आठवडे वापरल्याशिवाय व्हिडिओ करू नये. त्रास झाला असेल तर तोही सांगावा, आम्ही काढायला लावणार नाही. शेवटचे ३ हजार पोस्ट बघितल्यावर.” शेवटच्या वाक्याचे महत्त्व धंदेवाईक माणसाला समजावून सांगायला नको.

पोस्ट बघायची ती आपल्या मोबाइलवर नव्हे. आपल्याला मजकूर पाठ असतो, डोळा आपोआप भरून घेतो. घरातील ज्याला सौद्याची काही कल्पना नाही अशा व्यक्तीच्या मोबाइलवर ती उघडावी, ‘more’ दाबू देऊ नये, पाच सेकंद बघू द्यावी आणि विचारावे, “हिला पैसे मिळाले आहेत का?” उत्तर ‘हो’ आले तर खुलासा झाला. ‘माहीत नाही’ आले तर झालेला नाही, मग कॅप्शनमध्ये काहीही लिहिलेले असो. अत्तरवाल्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला दाखविले. जुन्या पोस्टवर त्या म्हणाल्या, “मिळाले असतील, काय माहीत.” नव्यावर म्हणाल्या, “लिहिलंय ना इथं.”

जुन्या पोस्टचे काय, हा प्रश्न उरला. कॅप्शन नंतरही बदलता येते आणि पेड पार्टनरशिपचे लेबलही मागाहून लावता येते. परंतु व्हिडिओच्या चित्रावर व आवाजात जे नाही ते मागाहून घालता येत नाही. त्यासाठी जुना काढून नवा टाकावा लागतो, आणि जुन्यावर जमलेली बघणाऱ्यांची संख्या व प्रतिक्रिया जातात. तरुणीला याचे वाईट वाटले. पण चार दिवसांच्या वापरावर ‘फरक जाणवला’ म्हणणारा व्हिडिओ कॅप्शन बदलून दुरुस्त होण्यासारखा नव्हता. तो काढला. अत्तरवाल्यांनी दुकानाच्या खात्यावर त्याचाच एक तुकडा ‘आमच्या ग्राहकाचा अनुभव’ म्हणून लावला होता, तोही उतरवला. कारण दुकानाचे खाते दुकानाचे आहे हे लोकांना कळते, परंतु बोलणारी ग्राहक नसून पैसे घेतलेली आहे हे त्यावरून कळत नाही. व्हॉट्सअॅपवर जे पसरले ते मात्र परत गोळा करता आले नाही. त्यासाठी त्यांनी स्वतः ज्या ग्रुपवर तो टाकला होता तिथे दोन ओळी लिहिल्या : मागचा व्हिडिओ पैसे देऊन करून घेतलेला होता, ते तेव्हा लिहायचे राहिले, सीरम आधी कानामागे लावून बघा, चुरचुरले तर लावू नका, बाटली परत आणा. चार बाटल्या परत आल्या.